‘अस्सल सोन्याला काही होत नाही’: अर्धं खरं

‘सोनं अस्सल असेल तर पोहतानाही काढायची गरज नाही. काळं पडलं तर सोनाराने फसवलं. चांदी काळी पडली तर अंगात उष्णता. आणि मोती तर समुद्रातलाच, त्याला पाण्याचं काय?’

शुद्ध सोन्याला घाम किंवा खारं पाणी बाधत नाही, हे खरं. पण आपले दागिने बहुतेक 22 कॅरेटचे: हजारात 916 भाग सोनं, बाकी बहुतेक तांबं आणि चांदी. ठाण्याच्या मे महिन्यातल्या घामाने काळवंडतात ते हे मिसळलेले धातू. त्यामुळे गळ्यावर काळी रेघ उमटली म्हणून सोनाराच्या दुकानात भांडायला जाऊ नका. शंका असेल तर दागिन्यावरचा सहा अक्षरी-अंकी हॉलमार्क क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासा.

सोसायटीच्या स्विमिंग पूलमधल्या क्लोरीनचा खरा धोका 14 आणि 18 कॅरेटला, त्यातही निकेल मिसळलेल्या पांढऱ्या सोन्याला. हिरा धरणाऱ्या बारीक नख्या आणि कानातल्याच्या फिरक्यांजवळचे ताणाखालचे भाग क्लोरीन आतून पोखरतो. वरून चकाकी तशीच असते आणि एक दिवस नखी कट्‌कन तुटते. एकदा डुबकी मारल्याने हे होत नाही, रोजच्या पोहण्याने होतं. अंगठी कानाशी धरून हलवा. खडा खुळखुळला किंवा नखीवरून फिरवलेला कापूस अडकला, तर ती सोनाराकडेच न्या. समुद्रात आणखी एक भानगड: थंड पाण्यात बोटं आक्रसतात, अंगठी निसटते आणि कळतही नाही.

उष्णतेचं म्हणाल तर चांदीला काळं करतो तो गंधक. ओहोटीला खाडीच्या चिखलाचा जो कुजका वास येतो, त्यात गंधकाचा वायू असतो. पैंजण रबरबँडने बांधून ठेवले, तर कोणी अंगावर न घालताही काळे पडतात, कारण रबरातही गंधक असतो. मग ही उष्णता कोणाच्या अंगातली?

मोत्याची गोष्ट वेगळी. तो समुद्रात असतो तेव्हा शिंपल्याच्या आत, जिवंत मांसात असतो, आणि त्याला भोक नसतं. नथीतला किंवा तन्मणीतला मोती भोकातून पाणी पितो. समुद्राचं मीठ दोऱ्यात सुकतं, दोरा कुजतो, भोकाची कड झिजते. शिवाय मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडूच्याच जातीचा. घामाच्या आम्लाने त्याची झिलई हळूहळू जाते आणि परफ्यूममधल्या अल्कोहोलने थर कोरडा पडतो. गेलेली झिलई पॉलिशने परत आणता येत नाही.

म्हणून परफ्यूम, हेअरस्प्रे, क्रीम आधी लावा, दहा मिनिटं सुकू द्या आणि नथ-तन्मणी सगळ्यात शेवटी घाला. काढताना उलट, सगळ्यात आधी. मऊ, किंचित ओल्या सुती कापडाने एकेक मोती पुसा, तन्मणी टांगू नका, पसरून सुकवा. दोन मोत्यांमध्ये दोरा दिसायला लागला, की नव्याने ओवून घ्या. लिंबू, व्हिनेगर, चांदी उजळायचं द्रावण यांच्या जवळपासही मोती नेऊ नका.