फाटे नकोत, वळसा हवा

«स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या निवासाच्या बागेतल्या वाटेला मधे फाटे दिले तर फिरायला जरा वेगळेपणा येईल ना?»

उलट होतं. स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती फाट्यावर किंवा वाट संपते तिथे गोंधळते आणि कुंपणाचं फाटक हलवत उभी राहते. वाट एकच असावी, वळसा घालून जेवणाच्या दालनाशी परतणारी. चालणारा आपोआप माणसांत येतो. नर्सिंगच्या खोलीची खिडकीही या वाटेकडेच हवी. झुडपं मात्र कमरेखाली छाटलेली ठेवा, नाहीतर खिडकीचा उपयोग शून्य (नकाशात झुडपं वाढत नाहीत!). आणि फरशीत शोभेचे काळे पट्टे अजिबात नकोत. अधू नजरेला तो खड्डा वाटतो. माणूस थबकतो किंवा ओलांडायला पाय उंच उचलतो, आणि तिथेच तोल जातो. बाकांना हात हवेत, नाहीतर बसलेल्याला उठता येत नाही.