‘बाकीच्या भरतात की’: हा हिशेब कुठे फसतो

“बचत गट अन् मायक्रोफायनान्सचा गट एकच. तारण नसतं म्हणून कोणाचं काही जात नाही. एकीनं हप्ता बुडवला तर बाकीच्या भरतात, म्हणून ही कर्जं बुडतच नाहीत. अन् नाही भरलं तर वसुलीवाले घरात येऊन बसू शकतात, तशी सहीच दिलेली असते.”

असं बरेचदा ऐकू येतं. पण दोन्ही गटांत बायाच असतात आणि मीटिंगही असते, तिथपर्यंतच सारखेपणा. बचत गटात 10 ते 20 जणी आधी बचत करतात, त्यातून आपसात कर्ज देतात आणि मग बँक गटाच्या नावावर कर्ज देते. ते कोणाला किती द्यायचं हे गट ठरावात लिहितो. मायक्रोफायनान्समध्ये प्रत्येकीचं कर्ज तिच्याच नावावर असतं, हप्त्यांचं कार्डही तिचं आणि कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या क्रेडिट ब्युरोतली नोंदही तिची. गट असतो तो एकमेकींच्या हमीपुरता.

खरा फरक हप्ता चुकतो त्या दिवशी कळतो. बारा जणींनी महिन्याला 200 रुपये दोन वर्षं टाकले तर गटाकडे 57,600 रुपये जमतात, व्याज वेगळं. एखादीचा हप्ता थकला तर आधी ही गंगाजळी झीज सोसते. हमीच्या गटाकडे असं काहीच नसतं. मायक्रोफायनान्स देणाऱ्या कंपनीला, म्हणजे एनबीएफसी-एमएफआयला, ठेवी घेण्याची परवानगीच नाही, त्यामुळे चुकलेला हप्ता थेट शेजारणीच्या पर्समधून जातो.

आता ‘बाकीच्या भरतात’ याचा हिशेब करू. नागपूरच्या कळमना मार्केटात संत्री निवडण्या-भरण्याचं काम करणाऱ्या, एकाच गल्लीतल्या पाच जणी धरा. प्रत्येकीला 40,000 रुपये, 24 महिने, घटत्या शिलकीवर 24 टक्के. हप्ता येतो साधारण 2,115 रुपये. एक जण चुकली तर चौघींच्या वाट्याला 529 येतात, आणि ते कुरकुरत का होईना निघतात. दोघी चुकल्या तर तिघींना 1,410 जास्त, म्हणजे 3,525 भरावे लागतात. इथे तिसरी विचार करते की दोघींचं भरून वर आपलंही भरायचं, त्यापेक्षा आपणही थांबलेलं बरं. गट मोडतो तो इथे, आणि जिला भरणं जमलं असतं तीही थकबाकीत जाते.

दोघी एकदम कशा चुकतात? अंबिया बहार संपला आणि मृगाची संत्री यायची असली की काम पाचही जणींचं एकदमच आटतं. हमी एकीच्या आजारपणापुरती चालते. सगळ्यांची रोजंदारी एकाच दिवशी बंद झाली तर कोण कोणाचं भरणार? म्हणून गट बांधताना मैत्रीइतकंच धंदाही पाहावा. एक शिवणकामवाली, एक डबेवाली, एक मार्केटातली असा गट जास्त तग धरतो.

रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमानुसार वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला हे बिनतारण कर्ज मिळतं, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या 50 टक्क्यांवर जाता कामा नयेत. महिन्याला 12,000 मिळवणाऱ्या घराची मर्यादा 6,000. पण या मोजणीत मैत्रिणीसाठी भरावा लागू शकणारा हप्ता धरलेला नसतो. तो ज्याचा त्यानं धरावा.

अजून एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. तुम्ही भरलेले 529 रुपये चुकलेल्या बाईच्या कार्डावर चढतात. तिची नोंद स्वच्छ राहते आणि तुमच्याकडे काहीच पुरावा उरत नाही. त्यामुळे त्याच मीटिंगमध्ये साध्या वहीत तारीख, रक्कम, कोणासाठी भरली ते लिहून तिची सही घ्या. ‘कर्ज तू काढ, हप्ता मी देते’ म्हणणारीला मात्र सरळ नाही म्हणा, कारण तिथे कर्जदार तुम्हीच असता आणि वहीतल्या सहीनं ते बदलत नाही.

घरात बसण्याचं म्हणाल, तर सही काहीही असो, तशी मुभा नाही. वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी व्हायची. लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा कर्जदार तिथे आली नाही तरच कर्मचारी घरी किंवा कामावर येऊ शकतो. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन नाही, शिवीगाळ नाही, नातेवाइकांना त्रास नाही. दंड लागलाच तर थकलेल्या रकमेवर, पूर्ण कर्जावर नाही. हे मोडलं तर आधी संस्थेकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यासाठी पैसे लागत नाहीत, पण पहिल्या तक्रारीची पोच लागते.