ठसे आणि ठाणं

कॅनडात कायम राहण्याचा अर्ज भरायला घेतला की एक नियम समोर येतो. अठरा वर्षांचे झाल्यापासून, गेल्या 10 वर्षांत ज्या ज्या देशात सलग 6 महिने किंवा जास्त राहिलात, त्या प्रत्येक देशाच्या पोलिसांचा दाखला आणा. खुद्द कॅनडाचा मात्र नको. आपल्या डोळ्यांदेखत आपण काय दिवे लावतो ते त्यांना माहीत असावं. माझ्या वाट्याला दोन देश आले. न्यू जर्सीतल्या नोकरीमुळे अमेरिका आणि जन्मामुळे भारत. एकाला माझी बोटं हवी होती, दुसऱ्याला माझे शेजारी.

अमेरिकेचा दाखला एफबीआय देते. अर्ज ऑनलाइन, फी 18 डॉलर, इथवर सगळं सुतासारखं सरळ. पण अमेरिकेबाहेर राहणाऱ्याने बोटांचे ठसे एफडी-258 नावाच्या कार्डावर शाईने उमटवून वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला टपालाने पाठवायचे असतात. म्हणून टोरांटोत ठसे घेणाऱ्या एका दुकानात गेले. तिथल्या गृहस्थांनी माझा हात ताब्यात घेतला आणि म्हणाले, ‘‘हात सैल सोडा.’’ जन्मात कधी कुणाच्या हातात हात सैल सोडला नाही हो आपण! ते बोट फिरवायला लागले की मी मदत म्हणून आणखी जरा फिरवायची, आणि ठसा फासला जायचा. बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकाच लयीत फिरलं पाहिजे. अंगठे शरीराच्या दिशेने, बाकीची बोटं शरीरापासून दूर. दहा बोटं अशी फिरवून झाली की खाली चार-चार बोटं एकदम आणि अंगठे वेगळे, सपाट दाबायचे. वरच्या चौकटीत चुकून डावं-उजवं झालं तर ते खालच्या ओळीवरून पकडलं जातं.

कार्ड परत आलं. ठशांचा दर्जा कमी! गृहस्थांनी भिंग लावून मला दाखवलं. चांगल्या ठशात रेषा सुट्या-सुट्या मोजता येतात; माझ्या तर्जनीवर मधल्या भोवऱ्याच्या जागी नुसता करडा ढग. कारण टोरांटोचा हिवाळा, कोरडी कातडी, आणि वर घासलेली भांडी. शाई जास्त लागली की रेषांमधल्या फटी बुजतात, कमी लागली की रेषाच तुटतात. मग आठवडाभर रात्री हाताला क्रीम चोपडलं, ठशांच्या दिवशी मात्र हात धुऊन कोरडे ठणठणीत केले, शाई अगदी पातळ लावून घेतली, आणि एकाऐवजी दोन-तीन कार्डं एकाच पाकिटात पाठवली. त्यातलं एक चाललं. माझ्या ठशांवरून अटकेची कसलीही नोंद सापडली नाही, असं एफबीआयने कळवलं. ना माझ्या घरी कुणी आलं, ना कुणी मला ओळखणाऱ्याला विचारलं.

भारताने बोटांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या दाखल्याचा अर्ज वकिलातीकडे, पण द्यायचा वकिलातीने नेमलेल्या केंद्रात. कोणत्या देशासाठी दाखला हवा ते त्यात लिहावंच लागतं. कॅनडासाठीचा दाखला उद्या जर्मनीला चालत नाही. माझा पासपोर्ट पुण्याहून निघालेला, म्हणून वकिलातीने पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाला विचारलं, त्यांनी जिल्हा पोलिसांना, आणि फिरत फिरत कागद आमच्या साताऱ्याकडच्या ठाण्यात पोचला. तिथे तो बराच मुरला. कळायला मार्ग एकच: आईचा फोन.

शेवटी हवालदारसाहेब घरी आले. आईने आधी चहा टाकला.

‘‘मुलगी घरी आहे का?’’

‘‘नाही, कॅनडात असते.’’

‘‘मग दाखला कशाला हवाय?’’

‘‘कॅनडात राहायला.’’

‘‘राहतीय की!’’

या तर्कापुढे आई निरुत्तर झाली. ‘अर्जदार पत्त्यावर आढळून आली नाही’ एवढाच शेरा वर गेला असता तर कागद तिथेच रुतला असता. पण मी माझ्या पासपोर्टची, व्हिसाची आणि वकिलातीच्या पावतीची प्रत आधीच आईच्या फोनवर पाठवून ठेवली होती, बाबांनी ती कोपऱ्यावरून छापून आणली होती. हवालदारांनी ती फाइलला लावली, दोन शेजाऱ्यांना विचारलं, मुलगी कशी आहे म्हणून, आणि गेले.

दाखला मिळाला. माझ्याविरुद्ध काही प्रतिकूल माहिती नाही, असं भारत सरकारने कॅनडाला लिहून दिलं. आळीत मात्र त्याच दिवसापासून कुजबुज. पोलीस घरी आले, मुलीची चौकशी करून गेले, मुलगी तर परदेशात, म्हणजे काहीतरी असणारच. समोरच्या काकूंनी अखेर भाजीवाल्यापाशी आईला गाठलंच. आईने पिशवी खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, ‘‘अहो, इथल्या पोलिसांचं काय घेऊन बसलात, अमेरिकेच्या एफबीआयनेसुद्धा तिचा तपास केलाय. त्यांनाही काही सापडलं नाही!’’