‘पुनर्’ला पुढचं अक्षर विचारा

‘एकीकडे “पुनर्रचना” चालवून घेता, दुसरीकडे “पुनर्प्राप्ती”वर लाल रेघ मारता. हा नियम आहे की तुमची लहर? आणि इतके नियम असतील, तर संपादकाने आधी बघायचं तरी काय?’

‘पुनर्रचने’च्या बाबतीत तुम्ही मला बरोबर पकडलंत. निः, पुनः यांच्या विसर्गापुढे र आला की विसर्ग जातो आणि आधीचा स्वर दीर्घ होतो. निः आणि रस मिळून ‘नीरस’ होतो, त्या चालीने ‘पुनारचना’ व्हायला हवं. पण मराठीत ‘राज्य पुनर्रचना कायदा, १९५६’ असंच रुळलं आहे. तिथे मी लाल पेन उचलत नाही.

‘पुनर्प्राप्ती’चं तसं नाही. मूळ शब्द पुनः. पुढे स्वर किंवा मृदू व्यंजन आलं तर विसर्गाचा र् होतो: पुनरुच्चार, पुनर्जन्म, पुनर्विचार. क, ख, प, फ किंवा स आला तर विसर्ग तसाच राहतो, म्हणून पुनःप्राप्ती, पुनःस्थापना. गडबड होते ती लोक ‘पुनर्’ हाच उपसर्ग समजून तो कशालाही चिकटवतात म्हणून.

त्यामुळे हातात मजकूर आला की मी सर्वांत आधी ‘पुनर्’ शोधतो आणि फक्त पुढचं अक्षर बघतो. समजा वाक्य आहे: ‘पुनर्मूल्यांकन, पुनर्परीक्षा व पुनर्तपासणीचे अर्ज स्वीकारले जातील.’ म मृदू, पहिला शब्द ठीक. प कठोर, म्हणून पुनःपरीक्षा. तिसऱ्यात त आहे, नियमाने ‘पुनस्तपासणी’ होईल. पण तपासणी हा संस्कृत शब्दच नाही, त्याला संस्कृत संधी कशाला? तिथे सरळ ‘फेरतपासणी’ करतो. (‘पुनर्वापर’ मात्र सोडून देतो. वापरही संस्कृत नाही, पण व मृदू असल्याने कानाला खटकत नाही. ही लहर म्हणा हवं तर.)

मग तुटलेले शब्द. ‘पुनर विचार’ किंवा ‘पुनर् विचार’ असं दिसलं की जोडायचं, कारण ‘पुनर्’ मराठीत सुटा उभा राहत नाही. याच फेरीत एक छुपी चूक सापडते: पुष्कळ जण विसर्गाऐवजी कीबोर्डवरचं अपूर्णविराम चिन्ह टाइप करतात. ‘पुन:प्राप्ती’ आणि ‘पुनःप्राप्ती’ छापल्यावर सारखे दिसतात, पण ‘ः’ शोधलं तर पहिला हाती लागत नाही, आणि कधी ओळीच्या शेवटी त्या चिन्हापाशीच शब्द तुटतो. म्हणून दोन्ही चिन्हं वेगवेगळी शोधावी लागतात.

त्यानंतर मनः. इथे मृदू व्यंजनापुढे र् नव्हे, ओ होतो: मनोरंजन, मनोबल. पण क कठोर असल्याने नियमाने ‘मनःकामना’, ‘मनोकामना’ चूकच. तरी कवितेत लेखकाला विचारल्याशिवाय मी ती बदलत नाही, कारण मात्रा तेवढ्याच राहिल्या तरी ओळीचा नाद बदलतो.

‘उज्वल’ आणि ‘महत्व’ शेवटच्या फेरीत. ते डोळ्याला आपोआप टोचतात, शोधावे लागत नाहीत.