"पुढील आदेशापर्यंत"

जुन्या फायली आवरताना काल एक कागद सापडला. २०२० च्या एप्रिलमध्ये ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलेल्या आदेशाची मी काढून ठेवलेली झेरॉक्स. आमचा आठवडी बाजार सोमवारचा, आणि तो "पुढील आदेशापर्यंत" बंद. खाली सही-शिक्का. कधीपर्यंत आणि कशासाठी, याबद्दल "कोरोना प्रादुर्भाव" या दोन शब्दांपलीकडे काही नाही.

शेजारच्या काकांची तेव्हा अर्धा एकर वांगी होती. ते दारात येऊन म्हणाले, "वकीलसाहेब, बाजार बंद, मंग हे वांगे मी कायले तोडू? झाडालेच सडू देऊ का?" तालुका कोर्टात वीस वर्षं काढूनही त्या दिवशी मला धड उत्तर देता आलं नाही. आज देतो. लांब होईल, सवडीने वाचा.

गावात तेव्हाही आणि आजही एकच वाक्य ऐकू येतं: "संकटात हक्क-बिक्क काही नसते बाप्पा." कायद्याने हे खरं नाही. नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १० एप्रिल १९७९ ला स्वीकारला. हक्क आवळायला त्यात दोन दारं आहेत, आणि सरकार कोणत्या दाराने आत आलं यावर पुढचं बरंच काही ठरतं.

पहिलं दार रोजच्या मर्यादांचं. उदाहरणार्थ कलम १२, फिरण्याचं स्वातंत्र्य. त्याच कलमात लिहिलंय की सार्वजनिक आरोग्य, सुव्यवस्था वगैरेंसाठी कायद्याने मर्यादा घालता येतील, पण त्या आवश्यक असल्या पाहिजेत. हक्क जागेवरच राहतो, फक्त त्याला कुंपण पडतं. दुसरं दार कलम ४ चं, ज्याला डेरोगेशन म्हणतात. राष्ट्राच्या जिवावर बेतणारी आणीबाणी आली, ती अधिकृतपणे जाहीर केली, तर काही हक्क काही काळ चक्क बाजूला ठेवता येतात. मात्र परिस्थितीला लागेल तेवढंच करायचं, केवळ वंश, रंग, लिंग, भाषा, धर्म किंवा सामाजिक मूळ बघून भेद करायचा नाही, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांमार्फत बाकी देशांना लगेच लेखी कळवायचं की कोणत्या कलमाला हात लावला आणि का. संपलं की तेही कळवायचं. जगण्याचा हक्क, छळापासून संरक्षण, गुलामीची बंदी, विचार-धर्माचं स्वातंत्र्य आणि आणखी काही हक्कांना तर आणीबाणीतही हात लावता येत नाही.

इथे आपलं घरचं गणित बघा. १९७५ च्या आणीबाणीत सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली ए.डी.एम. जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितलं की स्थानबद्ध माणसाला कोर्टाचं दारही ठोठावता येणार नाही. विरोधात एकटे न्या. खन्ना. मग १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने घटनेतलं शिक्षेबाबत संरक्षण देणारं कलम २० आणि जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचं कलम २१ आणीबाणीतही अबाधित केलं, आणि पुढच्याच वर्षी आपण हा करार स्वीकारला. म्हणजे पोळलेल्या माणसाने लगोलग दोन कड्या लावल्या, एक घटनेत आणि एक कराराने. पण कड्या सारख्या नाहीत: करारात धर्मस्वातंत्र्य बाजूला ठेवता येत नाही, आपल्या घटनेत मात्र ती हमी २० आणि २१ पुरतीच आहे.

आता कोरोना. २४ मार्च २०२० ला टाळेबंदी जाहीर झाली ती आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली. घटनेतली आणीबाणी लावली नाही, आणि कलम ४ ची नोटीसही दिली नाही. जॉर्जिया, आर्मेनिया, एस्टोनिया, पेरू यांनी नोटिसा दिल्या. आमच्या कोर्टाच्या बार रूममध्ये एक वकील मित्र म्हणतो, बघ, आपल्या सरकारने नोटीस दिली नाही म्हणजे हक्क मोडलेच नाहीत. माझा झगडा याच म्हणण्याशी आहे.

त्याची अर्धी बाजू बरोबर आहे. कराराची देखरेख करणाऱ्या मानवाधिकार समितीचंच म्हणणं आहे की मर्यादेने भागत असेल तर डेरोगेशन करूच नका. पण मग पहिल्या दाराचे नियम पूर्ण पाळावे लागतात. समितीने कलम १२ बद्दल लिहिलंय की मर्यादा उद्देशाला उपयोगी असून पुरत नाही, ती आवश्यक हवी, आणि उपलब्ध उपायांपैकी सगळ्यात कमी जाचक हवी. आमच्या बाजाराला ही फूटपट्टी लावू. उद्देश खरा होता, गर्दी होतच होती. पण मैदान मोठं आहे. दुकानं लांब लांब मांडता आली असती, एक दिवसाचा बाजार तीन दिवसांत विभागता आला असता. हे करून बघितलं आणि जमलं नाही, असं आदेशात कुठेच नाही. शिवाय मुदतही नाही. मार्चच्या शेवटी केंद्राने शेतीची कामं आणि बाजार समित्या यांना सूट दिली होती, म्हणजे शेतात वांगी तोडायला परवानगी आणि आठवडी बाजारात मांडायला बंदी! "पुढील आदेशापर्यंत" या शब्दांचा अर्थच हा की गरज संपली का, हे बघायची तारीख कुणावरही बंधनकारक नाही.

नोटीस देणारे सगळे देश साधू, असं माझं म्हणणं नाही. कागद कागदच असतो. पण कागद असला की त्यावर बोट ठेवता येतं. ब्रिटनचा खटला घ्या. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर त्यांनी २००१ च्या शेवटी कायदा केला: दहशतवादाचा संशय असलेल्या, पण परत पाठवता न येणाऱ्या परदेशी माणसाला खटल्याविना, मुदतीविना कोंडायचं. त्यासाठी युरोपीय मानवाधिकार कराराखाली रीतसर डेरोगेशन केलं. काही जण लंडनच्या बेलमार्श तुरुंगात गेले. १६ डिसेंबर २००४ ला हाउस ऑफ लॉर्ड्सच्या, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या, नऊ न्यायाधीशांपैकी आठांनी ते डेरोगेशन मोडीत काढलं.

कसं, ते बघण्यासारखं आहे. आणीबाणी खरी आहे का, यावर बहुतेक न्यायाधीशांनी सरकारचं म्हणणं मान्य केलं. फक्त लॉर्ड हॉफमन म्हणाले की राष्ट्राच्या जिवावर काही बेतलेलंच नाही. सरकार हरलं ते पुढच्या प्रश्नावर. तसाच संशय ब्रिटिश नागरिकांवरही होता, त्यांना न कोंडता काम चालत होतं, मग परदेशीयालाच कोंडणं "परिस्थितीला लागेल तेवढंच" कसं? आणि कोंडलेल्याला स्वतःहून देश सोडून जायची मोकळीक होती. माणूस इतका धोकादायक, तर त्याला दुसऱ्या देशात जाऊन कट करायला मोकळा कसा सोडता? २००९ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाचा निकालही याच दिशेने गेला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. लॉर्ड्सच्या त्या निकालाने तुरुंगाचं कुलूप त्याच दिवशी उघडलं नाही. ब्रिटनमधलं न्यायालय संसदेचा कायदा रद्द करू शकत नाही. संसदेनेच २००५ मध्ये तो गुंडाळून नजरकैदेसारख्या आदेशांची पद्धत आणली, तिच्यावरही पुढे खटले झालेच.

आपल्याकडेही बोट ठेवायला जागा झाली आहे. १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इंटरनेट बंद करण्याचे आणि १४४ चे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही, आणि उपाय प्रमाणातच हवा. टाळेबंदीच्या अडीच महिने आधीचा हा निकाल. तो माझ्या टेबलावर होता आणि मी बाजाराच्या आदेशाविरुद्ध साधा अर्जही दिला नाही. काकांनी वांगी बैलांपुढे टाकली. त्यांनी विचारलं असतं की अर्ज का नाही दिला, तर खरं उत्तर "मीही भ्यायलो होतो" एवढंच होतं.

काल संध्याकाळी काकांना तो कागद दाखवला. चष्मा नव्हता, म्हणून मीच वाचून दाखवला. म्हणाले, "मंग तो पुढचा आदेश आला का कधी?" फाईल पुन्हा चाळली. नाही. बाजार कधीतरी आपोआप भरू लागला होता.