मावशी, तोंड मिट

माझ्या मावशीचं रेसिपीचं चॅनल आहे, सांगलीत बसून चालवते, आणि भाचा कॉम्प्युटरवर काम करतो म्हणजे त्याला सगळंच येतं असा तिचा ठाम समज आहे, त्यामुळे मिक्सर बंद पडला तरी फोन मलाच. होळीच्या तोंडावर फोन आला, "पुरणपोळी का फुटते त्याचा व्हिडिओ केलाय, आता तुझ्या त्या एआयला सांगून झकास थंबनेल करून दे. बाकीच्या बायकांचं असतंय ना, डोळे मोठ्ठे, तोंड आ, मागं भडक रंग, तसलं." आणि सोबत स्वतःचा फोटो.

फोटो कुठल्यातरी लग्नातला, कापलेला. खांद्यावर कुणाचातरी अनाथ हात. फ्लॅश समोरून धाडकन पडल्यामुळे चेहऱ्यावर एक सावली नाही, म्हणजे नाकाला उठाव नाही, आणि मागे पीच रंगाचा पडदा, जो बरोब्बर मावशीच्या गालांच्या रंगाचा. चेहरा कुठे संपतो आणि मंगल कार्यालय कुठे सुरू होतं ते कळायला कुंकवाचा आधार घ्यावा लागत होता. भाव म्हणाल तर तलाठ्यासमोर सातबाऱ्यासाठी उभ्या असलेल्या माणसाचा.

तरी म्हटलं बघू. फोटो चढवला आणि लिहिलं, धक्का बसलेला चेहरा, तोंड उघडं, एकदम बोल्ड. आलेलं चित्र मावशीला पाठवलं तर पलीकडून एवढंच आलं, "ही कोण रे बया?"

खरंच कोण होती कुणास ठाऊक. मावशीच्या पुढच्या दोन दातांत फट आहे, त्या बयेचे दात टूथपेस्टच्या जाहिरातीतले, आणि चमकी डावीकडून उजव्या नाकपुडीत गेलेली. आता यात त्या यंत्राला शिव्या घालून उपयोग नाही, मूळ फोटोत तोंड मिटलेलं होतं, म्हणजे मावशीचे दात त्याने बघितलेलेच नाहीत, मग त्याने जगात सरासरी जसे दात असतात तसे बसवून दिले. फोटोतला भाव आणि तुम्ही मागताय तो भाव यात जितकं अंतर जास्त तितकं ते मनाने भरणार, आणि जितकं मनाने भरणार तितकी मावशी कमी होणार. "थोडं कमी घाबरलेली" वगैरे शब्द बदलून पण बघितलं. मावशी परत आली नाही, बयेची धाकटी बहीण आली.

म्हणून भाव प्रॉम्प्टमध्ये मागायचाच नाही, फोटोत आणायचा. मावसबहिणीला कामाला लावलं. मावशीला खिडकीपाशी तिरकं उभं कर म्हणजे उजेड एका बाजूने पडेल आणि नाक परत येईल, मोबाइल तोंडाजवळ नेऊ नकोस कारण जवळून नाक वाजवीपेक्षा मोठं दिसतं, चार पावलं मागून काढ आणि नंतर काप. पण भाव कसा आणायचा? मावशीला "आश्चर्य दाखव" म्हटलं की ती शाळेच्या गॅदरिंगमध्ये शिरते. शेवटी बहिणीने गॅसकडे बघून नुसतं "आई, फुटली!" म्हटलं आणि क्लिक केलं. एक भुवई वर, ओठ घट्ट मिटलेले, डोळे असे की समोरची पोळी स्वतःहून माफी मागेल. तोंड आ वगैरे काही नाही आणि तरी याच्याइतका बोल्ड चेहरा मी त्या सगळ्या भडक थंबनेलांत बघितला नव्हता. दातांचाही प्रश्न मिटला.

मग बॅकग्राउंड. मी लिहिलं, मागे एकदम गडद, कॉन्ट्रास्ट जबरदस्त. आलं, पण मावशीचे केस काळे, मागचं काळं, त्यामुळे आंबाडा गायब आणि नुसता चेहरा अंधारात तरंगतोय, पुरणपोळीपेक्षा अमावस्येचा व्हिडिओ वाटत होता. मग मागे लाल केलं, साडी हिरवी होती, लॅपटॉपवर काय उठून दिसलं म्हणता! तेच चित्र ब्लॅक अँड व्हाइट करून बघितलं तर साडी आणि भिंत दोन्ही एकाच राखाडी चिखलात. इथेच सगळे फसतात, रंग वेगळा म्हणजे कॉन्ट्रास्ट नव्हे, एक उजळ आणि एक गडद असेल तरच मोबाइलवर एवढ्याशा चित्रात माणूस मागच्यापासून सुटा दिसतो. थंबनेल 1280 बाय 720 चं बनवतो आपण, पण लोक ते बसमध्ये उभं राहून अंगठ्याएवढं बघतात.

"मागे स्वयंपाकघर" असंही एकदा लिहून झालं. कुठलंतरी परदेशी मॉड्युलर किचन आलं, उलटे टांगलेले ग्लास, आणि मावशीच्या डोक्यातून उगवलेली चिमणी. ग्लास बघून मावशी काही बोलली नाही, काका मात्र बराच वेळ झूम करून बघत होते.

शेवटी साडी बदलायला लावली, हळदी पिवळी, आणि नवा फोटो घेऊन साधं मराठीत हे लिहिलं:

```
फोटोतला चेहरा आणि भाव जसाच्या तसा ठेव. दात, चमकी, कुंकू बदलू नको.
व्यक्ती उजव्या बाजूला, छातीपर्यंत. डावी बाजू मोकळी.
मागे साधा गडद निळा रंग, फक्त डोक्यामागे थोडा उजळ.
केस आणि खांद्यांच्या कडेला मागून बारीक प्रकाश.
कोणताही मजकूर नको. 16:9
```

यातली डोक्यामागच्या उजेडाची ओळ सगळ्यात कामाची, काळे केस सुटतात ते तिच्यामुळे. कडेचा प्रकाश "बारीक" म्हणायचं कारण नुसतं "कडेला प्रकाश" म्हटलं तर मावशीभोवती ट्यूबलाइट गुंडाळल्यासारखं होतं आणि देव्हाऱ्यात ठेवायचं की चॅनलवर तेच कळत नाही. मजकूर नको कारण मी आधी "पोळी फुटते?" लिहायला सांगितलं होतं तर आलेल्या अक्षरांत वेलांटी हवेत, फ आणि ट यांचा जोडविवाह, आणि प्रश्नचिन्ह तेवढं अचूक. अक्षरं नंतर आपल्या हाताने टाकावीत, दोन शब्द, जाड, डावीकडे. उजव्या खालच्या कोपऱ्यात महत्त्वाचं काहीच ठेवायचं नाही, तिथे व्हिडिओचे मिनिटं-सेकंद येऊन बसतात, आणि मी पोळी नेमकी तिथेच ठेवायला निघालो होतो.

पोळीही एआयकडून बनवून घेतली नाही. एकदा घेतली होती, वर चीज होतं. मावशीच्याच तव्यावरची खरी फुटलेली पोळी कापून डावीकडे खाली चिकटवली, अक्षरांच्या पायथ्याशी, फाटलेल्या कडेतून पुरण दिसेल अशी, आणि मावशीची नजर आपोआप तिच्यावरच गेली.

मग चित्र ब्लॅक अँड व्हाइट केलं, साडी उजळ, भिंत गडद, आंबाडा जागेवर. मोबाइलवर अगदी बारीक करून हात लांब धरून बघितलं, भुवई दिसत होती. भुवई दिसली म्हणजे काम झालं.

मावशीला पाठवलं. बराच वेळ काही नाही, मग फोन. "चांगलं झालंय, पण मी रागावल्यासारखी दिसतीय." म्हटलं मावशी, तू रागावलीच होतीस. "हं. आणि साडीचा काठ बदललाय त्यानं, माझ्या काठाला रुईफूल होतं." बघितलं तर खरंच, चेहरा जपायला सांगितला होता, काठाचं कुणी बोललंच नव्हतं, तर रुईफुलाच्या जागी कसलीशी वेलबुट्टी. परत प्रॉम्प्टमध्ये काठ घातला.

आता पुढचा व्हिडिओ कोजागरीच्या मसाला दुधाचा, आणि मावशीने आत्तापासून सांगून ठेवलंय की ती पांढरी साडी नेसणार आहे आणि मागे चंद्र पाहिजे.