सहा माणसं, एक बाथरूम

फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलंय मी. धाकटीची शाळा सातला, मोठ्याचं कॉलेज आठला, आम्हा दोघांचं ऑफिस नऊला. आईबाबांना कुठेच जायचं नाही. प्रत्येकाला दहा मिनिटं, कागदावर सगळं चोख! पण आमचा गीझर पंधरा लिटरचा. एकाने मनसोक्त अंघोळ केली की पुन्हा तापायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, हे त्या कागदाला कोण सांगणार?

आज सासरे "मी काय, पाच मिनिटांत येतो" म्हणत बरोबर सव्वासहाला आत शिरले. कुठली गाडी चुकत होती हो, बाबा? धाकटीच्या वाट्याला कोमट पाणी आणि अर्धा नाश्ता, तोही बूट घालता घालता. चिरंजीव सव्वासातला उठणार, आधी दार बडवणार, मग आत जाऊन केसांवर पाव तास घालवणार. केस विंचरायला बाथरूमच कशाला लागतं? खोलीत आरसा आहे की! तोवर नवरोबा टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभे, आणि मी तिसऱ्यांदा तोच नाश्ता गरम करतेय.

माझा नंबर? वेळापत्रकात तो लिहायचाच राहिलाय.